शिरांमधली छोटी दारं

संध्याकाळी पाय जड होतात, पोटऱ्या ठणकतात, घोट्यापाशी मोज्याच्या रबराची खूण उमटते, आणि पोटरीवर निळसर, वेड्यावाकड्या दोऱ्या उठून दिसतात. याला आपल्याकडे 'नसा फुगल्या' म्हणतात. दवाखान्यात गेलं की त्याच दोऱ्यांना 'व्हेरिकोज व्हेन्स' हे नाव मिळतं. आमच्या मोहल्ल्यात जुनी माणसं आणखी एक शब्द वापरायची, 'दवाली'. हकिमी पुस्तकांतून आलेला हा अरबी शब्द. 'दालिया' म्हणजे द्राक्षाची वेल आणि 'दवाली' हे तिचं अनेकवचन. मी काही डॉक्टर नव्हे, कविता लिहिणारा बी.ए. झालेला माणूस. पण ज्या कुणा हकिमानं प्रथम एखाद्या हमालाच्या पोटरीकडे पाहून तिला द्राक्षाच्या जुन्या, पीळ पडलेल्या वेलीचं नाव दिलं असेल, त्याच्या नजरेला मी मनोमन सलाम केला आहे.

नजर चांगली होती, कारण मात्र हुकलं होतं. आणि ते दोन हजार वर्षं हुकत राहिलं. आज त्याचीच हकीकत सांगायची आहे.

इब्न सीना हा अकराव्या शतकातला मोठा वैद्य. 1037 मध्ये तो वारला. त्याच्या 'कानून' या ग्रंथात दवालीचं प्रकरण आहे. हा आजार कुणाला होतो, तर ओझी वाहणाऱ्या हमालांना, पायी निरोप पोचवणाऱ्यांना आणि बादशहासमोर ताटकळत उभं राहणाऱ्यांना, असं तो सांगतो. दरबारात हात बांधून उभा राहणारा सेवक आणि गोणी उचलणारा हमाल यांना एका ओळीत बसवणारा हा विचार मला फार आवडतो. पण कारण विचारलं की तो त्या काळच्या सगळ्या वैद्यांसारखंच उत्तर देतो. शरीरात 'सौदा' म्हणजे काळं पित्त वाढतं, रक्त दाट आणि जड होतं आणि जडपणामुळे पायात उतरून साचतं. हे मत त्याच्याही आधी आठ-नऊ शतकं ग्रीक वैद्य गेलननं मांडलं होतं. आपल्या सुश्रुतानं शिरांच्या गाठीचं वर्णन केलं आहे. अशक्त माणसानं अति श्रम केले की वायू शिरांच्या जाळ्याला आखडून टाकतो, असं त्याचं म्हणणं. श्रमाकडे बोट सगळ्यांनी दाखवलं, पण दोष कुणी रक्तावर ठेवला, कुणी वायूवर. शीर आतून कशी असते, हे उघडून पाहायचं कुणाला सुचलं नाही.

दोष रक्तात असेल तर उपाय उघडच होता. ते रक्त काढून टाका. हकिमांच्या भाषेत याला 'फसद' म्हणायचे. घोट्याच्या आतल्या बाजूनं जी लांब शीर वर चढते तिला अरबी ग्रंथांत 'साफिन' असं नाव आहे. आजचे सर्जन तिलाच 'सॅफिनस' म्हणतात. तो शब्द त्या अरबी नावावरूनच लॅटिनमध्ये गेला. हकीम सांगायचा आणि प्रत्यक्ष शीर उघडायचा तो हज्जाम, म्हणजे न्हावी. युरोपातही रक्त काढण्याचं काम न्हाव्याकडेच असे. आमच्याकडे हज्जामाला आदरानं 'खलीफा' म्हणतात. माझे केस गेली पंचवीस वर्षं कापणाऱ्या खलीफांचे वडील तुंबडी लावायचे, जळवा लावायचे आणि कधीकाळी फसदही करायचे. त्यांची पितळी तुंबडी दुकानाच्या फळीवर अजून आहे.

फसद करताना सगळ्यात आधी काय करतात, तर दंडाला पट्टी बांधतात. पट्टी बांधली की खालच्या शिरा टरारून फुगतात, शीर सापडते, नस्तर मारता येतं. आज रक्त तपासायला गेलं तरी ती रबरी पट्टी बांधतातच. अशा फुगलेल्या शिरेकडे नीट पाहिलं तर ती सारखी फुगलेली नसते. मध्येमध्ये बांबूच्या पेरासारख्या गाठी दिसतात. शेकडो वर्षं हजारो न्हाव्यांनी त्या गाठी रोज पाहिल्या असणार. पण त्या का असतात, हे त्यांना कुणी विचारलं नाही, आणि ज्यांनी ग्रंथ लिहिले ते सहसा हातात नस्तर धरत नव्हते.

त्या गाठींचा पत्ता लागला तो इटलीतल्या पादुआ शहरात. तिथल्या विद्यापीठात इब्न सीनाचा 'कानून' लॅटिन भाषांतरातून शिकवला जात होता, हेही जाता जाता सांगायला हवं. तिथे फाब्रिसियस नावाचा शरीररचनेचा प्राध्यापक होता. त्यानं प्रेतं उघडून शिरा लांबीतून चिरल्या. आतल्या भिंतीला त्याला पातळ पापुद्र्याचे छोटे खिसे दिसले, बहुधा समोरासमोर दोन-दोन. बाहेरून जिथे गाठ दिसे तिथेच आत हे खिसे. 1574 मध्ये आपण ते पाहिले असं त्यानं स्वतः लिहून ठेवलं आहे. त्याच्या आधीही एक-दोघांना ते ओझरते दिसले होते, पण शरीरभर शोधून, चित्रं काढून पुस्तक लिहिलं ते यानं, 1603 मध्ये. लॅटिन नावाचा अर्थ होतो 'शिरांमधल्या छोट्या दारांविषयी'.

दार हा शब्द त्यानं नेमका निवडला, पण दार कुठल्या बाजूला उघडतं हे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्या काळची समजूत अशी की रक्त यकृतात तयार होतं आणि शिरांमधून हातापायांकडे वाहत जातं, शेतात पाट सोडावा तसं. मग ही दारं कशासाठी? फाब्रिसियस म्हणाला, रक्त एकदम पायात कोसळून सगळं तिथेच साचू नये म्हणून त्याचा वेग कमी करायला. म्हणजे दारं नव्हेत, पाटातले अडसर. गोष्ट डोळ्यांपुढे होती, पण शिकवलेली समजूत डोळ्यांच्या आड आली.

1600 ते 1602 या काळात त्याच्या हाताखाली एक इंग्रज विद्यार्थी शिकत होता, विल्यम हार्वे. पादुआला लाकडी कठड्यांचं, विहिरीसारखं खोल आणि गोल शरीररचनागृह आहे. त्याच्या अरुंद पायऱ्यांवर दाटीनं उभं राहून विद्यार्थी खालच्या टेबलावरचं विच्छेदन बघत. हार्वेनं ती दारं तिथे पाहिली. म्हातारपणी रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं त्याला विचारलं की रक्त फिरतं ही कल्पना तुम्हाला सुचली कशी, तेव्हा त्यानं या शिरांतल्या दारांचाच उल्लेख केला. इतकी दारं, आणि सगळी हृदयाच्याच दिशेनं उघडणारी. ती उगाच ठेवलेली नसणार, असा त्याचा विचार. बॉइलनं हे 1688 मध्ये लिहून ठेवलं.

हार्वेचा पुरावा इतका साधा आहे की तो घरी बसून बघता येतो. बारीक अंगाच्या, शिरा उठून दिसणाऱ्या माणसाच्या दंडाला पट्टी बांधा, फार घट्ट नको. हाताच्या शिरा फुगल्या की मनगटाकडच्या बाजूला एका शिरेवर एक बोट दाबून धरा. दुसऱ्या बोटानं त्याच शिरेतलं रक्त कोपराकडे पुढच्या गाठीपलीकडे सारा आणि ते दुसरं बोट उचला. मधला तुकडा रिकामा आणि सपाट दिसेल. गाठीच्या वर रक्त टच्च भरलेलं आहे, पण ते खाली उतरत नाही. वरून खाली ढकलायचा प्रयत्न करा, गाठ आणखी फुगेल, पण दार उघडणार नाही. आता मनगटाकडचं पहिलं बोट उचला. क्षणात तुकडा खालून भरून येईल. एवढंच. रक्त शिरांमधून हातापायांकडे जात नाही, हातापायांकडून हृदयाकडे परत येतं. दारं एकाच दिशेनं उघडतात. ज्या पट्टीनं न्हाव्यानं शतकानुशतकं शीर शोधली, त्याच पट्टीनं हे सिद्ध झालं. हार्वेचं पुस्तक 1628 मध्ये छापलं गेलं आणि त्यात या प्रयोगाची चित्रं आहेत.

नेमकी हीच वर्षं आपल्या शहराचीही पहिली वर्षं आहेत. 1610 मध्ये मलिक अंबरनं खडकी वसवली, पुढे तिचंच औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. खडकाळ गाव, पाण्याची वानवा. अंबरनं डोंगराकडच्या जमिनीखालचं पाणी नहरीनं गावात आणलं. 1626 मध्ये तो वारला, हार्वेच्या पुस्तकाच्या दोन वर्षं आधी. नहरीच्या वाटेवर उंच मनोरे आहेत. बंद नळातलं पाणी मनोऱ्यात वर चढतं आणि पुन्हा खाली उतरून पुढे जातं. लहानपणी मला ती जादू वाटायची. जादू काही नाही, उगम डोंगरात उंचावर आहे म्हणून पाणी तेवढं चढू शकतं. पाणचक्कीचं पातंही त्याच उंचीच्या जोरावर फिरतं.

आता आपला पाय घ्या. पायाच्या घोट्यापाशी कुठला डोंगर आहे? हृदयाचा धक्का लागून धमन्यांतून खाली आलेलं रक्त बारीक केशवाहिन्या ओलांडून शिरेत पोचतं तेव्हा त्या धक्क्यातलं फारच थोडं उरलेलं असतं. आणि चढायचं तर आहे घोट्यापासून छातीपर्यंत, साधारण सव्वा मीटर. माणूस स्तब्ध उभा असतो तेव्हा त्याच्या घोट्याजवळच्या शिरेवर जवळपास 120 सेंटीमीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब असतो. घोट्यापाशी शिरेच्या पातळ भिंतीला हा भार सोसावा लागतो.

हे रक्त चढवते ती आपली पोटरी. पायातल्या शिरा दोन प्रकारच्या. एक कातडीखालच्या, साफिन ही त्यातली मोठी. दुसऱ्या खोल, पोटरीच्या मांसात दडलेल्या. पायातलं सुमारे 90 टक्के रक्त खोल शिरांनीच वर जातं. वरच्या शिरा जागोजागी आडव्या जोडवाहिन्यांनी आपलं रक्त खोल शिरांत सोडतात. आपण पाऊल टाकलं की पोटरीचं मांस आवळतं आणि खोल शीर पिळली जाते. रक्ताला खाली जायला दार बंद, म्हणून ते वर जातं. पाऊल उचललं की मांस सैल पडतं, शीर रिकामी असते आणि वरच्या शिरेतलं रक्त तिच्यात ओढलं जातं. पुन्हा पाऊल, पुन्हा पिळणं. चालणाऱ्या निरोगी माणसाच्या घोट्यापाशी तो दाब उभं असतानाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत खाली येतो. पायरी पायरीनं चढवलेलं हे पाणी आहे, आणि प्रत्येक पायरीला एक दार आहे.

दार बिघडतं कसं? बहुतेक वेळा ते फाटत नाही. शिरेची भिंत सैल पडते आणि शीर रुंद होते. पापुद्रे तेवढेच राहतात, चौकट मोठी होते. दोन्ही पापुद्रे मध्ये भेटत नाहीत, फट राहते. उभं राहिलं की त्या फटीतून रक्त खाली उतरतं. त्याचा भार खालच्या दारावर पडतो, तिथली शीर रुंद होते, तेही दार निकामी होतं. साफिन शीर जांघेत जिथे खोल शिरेला मिळते तिथलं दार सगळ्यात कळीचं, कारण जांघेपासून हृदयापर्यंतच्या मोठ्या वाटेवर दारं जवळजवळ नाहीतच. तेवढा सगळा स्तंभ त्या दाराच्या डोक्यावर असतो. ते गेलं की पाळी पुढच्यांची. शीर रुंद होते तशी लांबही होते, आणि लांब झालेली दोरी तेवढ्याच जागेत मावायची तर तिला वळणं घ्यावीच लागतात. द्राक्षवेलीचा पीळ येतो तो इथून. रक्तात काळं पित्त नसतं. रक्त तेच आहे, दाराची फट नवी आहे.

भिंत सैल का पडते, याला एक उत्तर नाही. घरात आई-वडिलांना असेल तर संभव वाढतो. वय वाढतं तसा वाढतो, वजनानं वाढतो. गरोदरपणात शिरा सैलावतात आणि पोटातला भारही पडतो. बाळंतपणानंतर त्यातल्या बऱ्याच आपोआप ओसरतात, सगळ्या नाही. आणि तासन्‌तास एका जागी उभं राहण्यानं वाढतो. चालण्यानं नव्हे, उभं राहण्यानं. इब्न सीनाचा दरबारी सेवक आठवा. त्याच्या शिरांवर स्तंभाचा पूर्ण भार होता आणि पोटरी चालत नव्हती. आमच्या बायकांच्या पोटऱ्या साडीच्या, सलवारीच्या आत असतात. त्या दोऱ्या नवऱ्यालाही दिसत नाहीत आणि जडपणाची तक्रार 'कामाचा थकवा' म्हणून निघून जाते.

आमच्या खलीफांची गोष्ट तीच. वडिलांची तुंबडी फळीवर आणि स्वतः सकाळी नऊ ते रात्री नऊ खुर्चीभोवती उभे. न्हावी चालत नाही, खुर्चीभोवती सरकतो. पन्नाशीच्या आसपास त्यांच्या डाव्या पोटरीवर दोऱ्या उठल्या. "दिनभर खडे रहो तो पाँव में सीसा भरे जैसा लगता, मियाँ," असं ते म्हणायचे. रात्री उशीवर पाय ठेवला की बरं वाटायचं. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाय वर केला की स्तंभच राहत नाही, म्हणून शिरांचं दुखणं आडवं झाल्यावर उतरतं. घराण्याची विद्या म्हणून त्यांनी तीनदा जळवा लावून घेतल्या. प्रत्येक वेळी दोन-चार दिवस हलकं वाटलं. वाटणारच, थोडं रक्त कमी झालं. पण फट तशीच, आणि वरचं रक्त खाली यायला एक क्षण पुरतो. मग घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, कातडी तपकिरी झाली. शिरेत कोंडलेल्या दाबानं रक्तपेशी बाहेर झिरपतात आणि त्यातलं लोह कातडीत बसतं, त्याचा तो रंग. पुढे खाज, मग कातडी चामड्यासारखी ताठ, आणि एके दिवशी खाजवताना पडलेल्या ओरखड्याची जखम भरेचना. रुपयाच्या नाण्याएवढी जखम चार महिने राहिली, तेव्हा मी त्यांना घेऊन सर्जनकडे गेलो.

ते सर्जन जुन्या वळणाचे. सोनोग्राफीला पाठवण्याआधी त्यांनी एक चाचणी करून दाखवली. खलीफांना आडवं करून पाय वर उचलून धरला, पोटरीवरून हात फिरवला, दोऱ्या रिकाम्या झाल्या. मांडीला वर, जांघेच्या खाली, रबरी पट्टी बांधली आणि त्यांना उभं केलं. दोऱ्या लगेच भरल्या नाहीत, खालून अगदी सावकाश भरू लागल्या. मग डॉक्टरांनी पट्टी सोडली. मी डोळ्यांनी पाहिलं, वरून खाली, भिंतीवरून पाणी उतरावं तशी ती शीर एका दमात भरली. जांघेतलं दार गेलं आहे याचा एवढा सरळ पुरावा दुसरा नसेल. पट्टी दाराचं काम करत होती, पट्टी निघाली आणि दार नाही हे कळलं. पट्टी बांधलेली असतानाच शिरा झपाट्यानं भरल्या असत्या, तर दोष खालच्या जोडवाहिन्यांत शोधावा लागला असता.

ही चाचणी इंग्लंडच्या ब्रॉडीनं 1846 मध्ये वर्णन केली आणि जर्मनीच्या ट्रेंडेलेनबर्गनं 1890 मध्ये तिच्यावर शस्त्रक्रिया उभारली. त्याआधीही शिरा कापल्या जात होत्याच. रोमचा सेनापती मारियस याच्या दोन्ही पायांवर अशा शिरा होत्या. त्यानं बांधून न घेता एक पाय कापू दिला, हूं की चूं केलं नाही आणि दुसरा पाय पुढे करायला नकार दिला. एवढ्या वेदनेच्या मोलाचं हे काम नाही, असं तो म्हणाल्याचं प्लुटार्क सांगतो. कॉर्डोबाच्या अल-जहरावीनं हजार वर्षांपूर्वी पोटरीवर जागोजागी छेद देऊन शीर ओढून काढण्याची रीत लिहिली. पण ते सगळे जिथे दिसतं तिथे कापत होते. ट्रेंडेलेनबर्ग प्रथम वर, मांडीत, शीर बांधू लागला, कारण हार्वेची दारं त्याच्या ध्यानात होती. खाली फुगवटा आहे, पण गळती वर आहे. फाब्रिसियसच्या पुस्तकापासून इथपर्यंत यायला पावणेतीनशेहून अधिक वर्षं लागली. ज्ञान झालं म्हणजे उपचार झाला, असं होत नाही.

आज पट्टीची जागा डॉप्लर सोनोग्राफीनं घेतली आहे. खलीफांना उभं करून मांडीवर यंत्र ठेवलं, दुसऱ्या हातानं पोटरी दाबली. पडद्यावर एक रंग वर गेला. हात सोडला आणि दुसरा रंग उलटा खाली आला, येतच राहिला. निरोगी शिरेत हा उलटा ओघ अर्ध्या सेकंदाच्या आत थांबतो. याच तपासणीत खोल शिरा मोकळ्या आहेत ना, हेही पाहतात, आणि ते फार महत्त्वाचं. खोल शीर तुंबलेली असेल तर वरची शीर हीच रक्ताची उरलेली वाट असू शकते. तिला बंद करणं धोक्याचं.

आधी जखम भरली, आणि ती मलमानं नव्हे, पट्ट्यांनी. पायाच्या बोटांपासून गुडघ्यापर्यंत, घोट्याला जास्त घट्ट आणि वर सैल होत जाणारी पट्टी. बाहेरून दाब दिला की शीर अरुंद होते, पोटरीचं पिळणं कामी येतं. पण पट्टी बांधण्याआधी पावलाची धमनी नीट चालते का, हे डॉक्टरांनी तपासलं. मधुमेही माणसाच्या किंवा विड्या ओढणाऱ्याच्या पायात धमन्याच अरुंद असतील, तर घट्ट पट्टी किंवा घट्ट मोजा पावलाचं उरलेलं रक्तही तोडतो. म्हणून दुकानातून मोजा आणून आपल्या मनानं चढवू नये. जखम भरायला अकरा आठवडे लागले. मग साफिन शीर आतून तापवून बंद केली. गुडघ्यापाशी सुईनं बारीक नळी आत सारतात, शिरेभोवती बधिर करणारं पाणी भरतात आणि नळीच्या टोकाच्या उष्णतेनं शीर वरपासून खालपर्यंत मिटवत आणतात. ते त्याच दिवशी चालत घरी आले. दारं दुरुस्त झाली नाहीत हे मात्र खरं. बिघडलेली वाटच मिटवली, रक्त खोल वाटेनं जाऊ लागलं. काही वर्षांनी दुसऱ्या शाखांत पुन्हा दोऱ्या उठू शकतात, हे त्यांना आधीच सांगितलं होतं.

मंडळी, दोन गोष्टी मात्र थांबायच्या नाहीत. एकच पाय अचानक सुजला, पोटरी दुखू लागली, गरम लागली, तर ते साध्या फुगलेल्या शिरेचं लक्षण नव्हे, खोल शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालय गाठावं, चोळू नये. दुसरं, कातडीखालची फुगलेली शीर फुटली तर रक्ताची चिळकांडी उडते. घाबरून लोक जखमेच्या वर रुमाल आवळतात. हार्वेचा प्रयोग आठवा, वर पट्टी बांधली की खालच्या शिरा आणखी फुगतात, रक्त वाढतं. आडवं व्हावं, पाय हृदयाच्या वर उचलावा आणि जखमेवरच कापड दाबून धरावं.

1948 च्या कारखाने कायद्यात कलम 44 होतं. ज्यांना उभ्यानं काम करावं लागतं त्यांच्यासाठी बसण्याची सोय असली पाहिजे, म्हणजे कामात सवड मिळेल तेव्हा बसता येईल, असं ते सांगत असे. केरळात 2018 मध्ये कायदा बदलून दुकानातल्या विक्रेत्यांना बसण्याचा हक्क दिला गेला. साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकांनी तो लढून मिळवला. तमिळनाडूनं 2021 मध्ये तसंच केलं. खलीफा स्वतःचे मालक आहेत, त्यांना कुठलं कलम लागत नाही. त्यांनी चाकांचं एक उंच स्टूल आणलं आहे. दाढी करताना त्यावर बसतात, दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये दुकानाबाहेर येऊन टाचा उचलत वीसेक पावलं चालतात. मोहल्ल्यातली पोरं हसतात. उजव्या पायाची सोनोग्राफी पुढच्या महिन्यात आहे, आणि मारियसचा किस्सा मी त्यांना अजून सांगितलेला नाही.